पाचवं लागलंय म्हणजे चार: लोकसंख्येचा मनोरा वाचायचा कसा

२०११ चा फेब्रुवारी. खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी जनगणनेची प्रगणक म्हणून दारोदार फिरत होते. शाळा सुटली की खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा. एका घरी ओसरीवर सून तांदूळ निवडत बसली होती. "धाकट्याचं वय काय?" मी विचारलं. "पाचवं लागलंय की, बाई." मी पाच लिहिणार तेवढ्यात हात थांबला. फॉर्मला हवं होतं पूर्ण झालेलं वय, आणि पाचवं लागलं म्हणजे चार पूर्ण. लसीचं कार्ड मागवून घेतलं. पोरगं चार वर्षं दोन महिन्यांचं होतं. चार लिहिलं.

मग सासूबाईंकडे वळले. "माझं होय? साठ घाल."

"नक्की साठ?"

"साठ काय नि बासष्ट काय, तुला पगार तेवढाच मिळणार."

ते खरंच होतं. पण आता दहावीच्या वर्गात लोकसंख्येचा मनोरा शिकवायला घेते, तेव्हा या दोघी दरवर्षी आठवतात. भारताच्या मनोऱ्यात एक जागा तळाशी आणि एक वर अशी आहे की जी या दोन उत्तरांशिवाय उलगडत नाही. तिथपर्यंत जायचं तर आधी आकृती नीट पाहायला हवी.

पहिली पायरी: पट्ट्यांकडे बघण्याआधी कडा बघा

मनोरा म्हणजे एकावर एक रचलेल्या आडव्या पट्ट्या. सगळ्यात खाली ० ते ४ वयाची मुलं, त्यावर ५ ते ९, त्यावर १० ते १४, असं पाच-पाच वर्षांनी वर चढत जायचं. मधल्या उभ्या रेषेच्या डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. पट्टी जितकी लांब, तितकी त्या वयाची माणसं जास्त.

नवखा माणूस थेट आकाराकडे बघतो आणि तिथेच फसतो. आधी खालच्या आडव्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचा. आकडे कोटींत आहेत की टक्क्यांत? भारत आणि जपान शेजारी शेजारी ठेवायचे असतील तर टक्केच हवेत. माणसांच्या संख्येत काढले तर भारतापुढे जपान काडीसारखा दिसेल आणि त्यातून कळणार काहीच नाही. टक्के असतील तर ते एकूण लोकसंख्येचे आहेत की पुरुषांचे वेगळे आणि स्त्रियांचे वेगळे, हेही बघा. दुसऱ्या प्रकारात पुरुष-स्त्रियांच्या संख्येतला फरक आकृतीतून पुसलाच जातो. आणि मनोरा कोणत्या सालचा आहे ते वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या कडेला, म्हणजे वरच्या टोकाला, एक खोडी असते. २०११ च्या भारतात ७५ ते ७९ वयाची माणसं ०.९२ कोटी होती आणि त्यावरच्या पट्टीत १.१३ कोटी. मनोरा वर जाता जाता अचानक रुंद झाला, जणू डोक्यावर टोपी घातली. पोरं लगेच विचारतात, "बाई, ऐंशीच्या वर माणसं वाढली कशी?" वाढली नाहीत. ती शेवटची पट्टी "८० आणि त्यापुढे" अशी उघडी आहे. ८१ चाही माणूस तिथेच आणि ९७ चाही तिथेच. माझी आजी आपलं जन्मसाल "गांधी काँग्रेसला आले त्या साली" असं सांगायची. ते बेळगावचं अधिवेशन १९२४ च्या डिसेंबरात भरलं होतं. त्या साली जन्मलेलं माणूस २०११ ला ८६ च्या घरातलं, म्हणजे याच टोपीत. वरची पट्टी उघडी असेल तर तिच्या लांबीवरून काही ठरवू नका.

दुसरी पायरी: उतरंड की रांजण?

आता आकार. आमच्या भागातल्या जुन्या घरांत अजून उतरंड सापडते. तळाशी मोठं मडकं, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. तरुण देशाचा मनोरा असाच दिसतो. आफ्रिकेतला नायजर घ्या. तिथली जवळजवळ निम्मी माणसं पंधरा वर्षांच्या आतली आहेत, आणि पासष्टीच्या पुढची शंभरात तीनसुद्धा नाहीत. प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीपेक्षा आखूड, डोळे मिटून सांगता येईल असा आकार.

वृद्ध होत चाललेल्या देशाचा आकार रांजणासारखा: बूड अरुंद, पोट फुगलेलं आणि तेही बरंच वर सरकलेलं. जपानात आज पासष्टीच्या पुढची माणसं शंभरात साधारण २९ आहेत आणि पंधराच्या आतली ११-१२. म्हणजे एका नातवंडामागे अडीच आजी-आजोबा.

आकारावरून अंदाज बांधून झाला की दोन आकडे काढा: ० ते १४ वयाचे टक्के आणि ६५ च्या पुढचे टक्के. दुसऱ्या आकड्यासाठी सर्रास वापरलं जाणारं मोजमाप असं आहे: ७ टक्के ओलांडले की देश वृद्धत्वाकडे निघाला, १४ झाले की वृद्ध, २१ झाले की अतिवृद्ध. जपानने ७ चा टप्पा १९७० ला गाठला आणि १४ चा १९९४ ला. चोवीस वर्षं, एक पिढीसुद्धा नाही.

इथे एक सावधगिरी. आपल्याकडे सरकारी कामात ज्येष्ठ नागरिक म्हणजे साठ, आंतरराष्ट्रीय तक्त्यांत बहुतेक वेळा पासष्ट. २०११ च्या भारतात ६० च्या पुढचे ८.६ टक्के होते आणि ६५ च्या पुढचे ५.५ टक्के. एकाच देशाबद्दल एक लेख "सात ओलांडले" म्हणतो आणि दुसरा "नाही ओलांडले" म्हणतो, तेव्हा भांडण बहुधा या पाच वर्षांचं असतं.

तिसरी पायरी: म्हातारपण तळात शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. सगळे जण वृद्धत्व मनोऱ्याच्या शेंड्यावर शोधतात. माणसं जास्त जगायला लागली, म्हणून वर गर्दी झाली, म्हणून देश म्हातारा झाला, असं सरळ वाटतं. प्रत्यक्षात सुरुवात तळापासून होते. मुलं कमी जन्माला येऊ लागली की खालची पट्टी आखडते, एकूण संख्येत लहानांचा वाटा घटतो, आणि वरच्या माणसांचा वाटा ती फारशी न वाढतासुद्धा चढतो.

उलट, मृत्यू कमी झाले की देश आधी तरुण होतो. सुरुवातीला वाचतात ती मुख्यतः तान्ही मुलं. पूर्वी देवी-पटकी-हगवणीने जाणारी लेकरं जगली, तळाची पट्टी लांबली. भारतात पंधराच्या आतल्या मुलांचा वाटा १९६१ ला सुमारे ४१ टक्के होता, तो १९७१ ला ४२ झाला. माणसं जास्त जगू लागली होती आणि देश किंचित तरुण झाला होता. वर्गात हे सांगितलं की अर्धी मुलं माझ्याकडे संशयाने बघतात. मग मी फळ्यावर दोन मनोरे काढते, एकात तळ लांबवते, दुसऱ्यात तोच तळ पुसून आखूड करते, वरच्या पट्ट्यांना हात लावत नाही, आणि दोन्हींचे टक्के त्यांनाच काढायला लावते.

म्हणून माझा नियम साधा आहे. आधी खालच्या तीनच पट्ट्या एकमेकींशी ताडून बघायच्या. खालची वरचीपेक्षा लांब असेल तर जन्म वाढताहेत, सारखी असेल तर थबकलेत, आखूड असेल तर घटताहेत. शेंडा नंतर.

आणि आता हाच नियम भारताला लावला की काय होतं ते बघा.

चौथी पायरी: भारताच्या तीन पट्ट्या, दोन जनगणना

वहीत हे आकडे उतरवून घ्या. सगळे कोटींत आहेत.

| वय | २००१ | २०११ |
|---|---|---|
| ० ते ४ | ११.०४ | ११.२८ |
| ५ ते ९ | १२.८३ | १२.६९ |
| १० ते १४ | १२.४८ | १३.२७ |
| एकूण लोकसंख्या | १०२.८६ | १२१.०९ |

आधी फक्त २०११ चा रकाना खालून वर वाचा: ११.२८, १२.६९, १३.२७. तळाची पट्टी सगळ्यात आखूड, त्यावरची थोडी लांब, त्यावरची आणखी लांब. आपला नियम म्हणतो जन्म घटताहेत. वर्गातली हुशार मुलं इथेच हात वर करतात आणि "भारत म्हातारा होतोय" असं जाहीर करतात.

मग मी त्यांना तिरकं वाचायला सांगते. २००१ ला जी मुलं ० ते ४ वयाची होती ती दहा वर्षांनी, २०११ ला, १० ते १४ वयाची झाली. तीच मुलं. २००१ ला मोजली तेव्हा ११.०४ कोटी. २०११ ला मोजली तेव्हा १३.२७ कोटी. मधल्या दहा वर्षांत त्यातली काही दगावली असणार, म्हणजे आकडा कमी व्हायला हवा. तो सव्वादोन कोटींनी वाढला. बाहेरून इतकी मुलं देशात आली असंही काही घडलेलं नाही.

ही जास्तीची मुलं कुठून आली, तर ती आधीपासूनच होती. २००१ ला ती नीट मोजली गेली नव्हती. काही तान्ही मुलं सांगायचीच राहून गेली. बाळंतीण माहेरी आहे, तिकडे तिचं नाव घातलं, महिन्याभराचं बाळ दोन्हीकडून सुटलं, असं सहज होतं. आणि काही मुलं "पाचवं लागलंय" म्हणून एक पट्टी वर सरकली. मी कार्ड मागवलं म्हणून ते एक पोरगं खाली राहिलं. दुपार टळत आलेली, शंभरावं घर, कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी, अशा वेळी किती ठिकाणी पाच लिहिलं गेलं असेल! दुसऱ्या बाजूने, थोड्या मोठ्या मुलांची वयं सांगताना दहा आणि बारा या आकड्यांकडे ओढा असतो, त्यामुळे १३.२७ मध्ये शेजारच्या वयांतली काही मुलं आली असणार. म्हणजे सव्वादोन कोटींचा सगळा फरक एकाच कारणावर घालू नका. पण दिशा स्पष्ट आहे: आपल्या जनगणनेतली ० ते ४ ची पट्टी खऱ्यापेक्षा आखूड दिसते, आणि हे २००१ लाही तसंच होतं. तेव्हाही ती वरच्या पट्टीपेक्षा आखूडच होती, ११.०४ विरुद्ध १२.८३.

मग जन्म घटताहेत की नाही, हे ठरवायचं कशावरून? सगळ्यात खालची पट्टी सोडा आणि मधली पकडा. आता आडवं वाचा. ५ ते ९ वयाची मुलं २००१ ला १२.८३ कोटी, २०११ ला १२.६९ कोटी. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या सव्वाअठरा कोटींनी वाढली आणि या वयाची मुलं मात्र थोडी कमी झाली. एकूण लोकसंख्येत त्यांचा वाटा १२.५ टक्क्यांवरून १०.५ टक्क्यांवर आला. मोजणीची सवय दोन्ही वेळी साधारण सारखीच होती, त्यामुळे ही घट चुकीची नाही. वर्गातल्या हुशार मुलांचं उत्तर बरोबर होतं, त्यांचा पुरावा चुकीचा होता. तिन्ही पट्ट्या मिळून बघितल्या तर मुलांचा वाटा ३५.३ टक्क्यांवरून ३०.८ टक्क्यांवर उतरला.

याचा अर्थ २०११ चा भारत तरुणच होता. शंभरात तीस मुलं आणि पासष्टीपुढचे साडेपाच, हा तरुण देशच. पण त्याच्या तळाला आखडायला सुरुवात झाली होती. आकृतीला "तरुण" किंवा "वृद्ध" अशी एकच चिठ्ठी चिकटवायची घाई असेल तर ही गोष्ट निसटते. मी उत्तरपत्रिकेत दोन वाक्यं मागते: आज कसा आहे, आणि कुठे निघाला आहे. त्यानंतरची माहिती दुसऱ्या वाक्याला दुजोरा देते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात एका बाईमागे सरासरी २.० मुलं आढळली. कर्नाटकात १.७, महाराष्ट्रातही १.७. या एका बाबतीत तरी सीमेच्या दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

पाचवी पायरी: पट्टीचं जन्मसाल काढा

मनोऱ्याचं साल लिहून ठेवायला सांगितलं होतं ते इथे लागतं. सालातून वय वजा केलं की जन्मसाल मिळतं, आणि मग प्रत्येक पट्टी इतिहासाची एक ओळ होते. २०११ मधून ४ वजा केले की २००७, त्याहून लहान मुलं त्यानंतरची. जनगणनेची संदर्भवेळ १ मार्चच्या मध्यरात्रीची होती, म्हणून ० ते ४ ची मुलं मार्च २००६ ते फेब्रुवारी २०११ मधली. यंदा दहावीत बसलेल्यांतली बहुतेक जण याच तळाच्या पट्टीत आहेत. हे सांगितलं की वर्गात पहिल्यांदा खरा आवाज होतो. जो तो फळ्यावर आपली जागा शोधायला लागतो.

या वजाबाकीची खरी गंमत जपानच्या मनोऱ्यावर येते. २०२० चा मनोरा, आणि तो पाच-पाच वर्षांचा नको, एकेका वर्षाच्या वयाचा शोधा. त्यात दोन फुगवटे दिसतात. एक ७१ ते ७३ वयाजवळ. २०२० मधून वजा केले की १९४७ ते १९४९, म्हणजे युद्ध संपून सैनिक घरी परतल्यानंतरची बाळं. दुसरा फुगवटा ४६ ते ४९ जवळ, म्हणजे १९७१ ते १९७४. ही पहिल्या फुगवट्यातल्या मुलींची मुलं. पट्ट्या अशा पंचवीस-एक वर्षांनी स्वतःचा पडसाद उमटवतात. म्हणून तिसरा फुगवटा २००० च्या आसपास, म्हणजे विशीतल्या वयांत यायला हवा होता. तिथे काहीच नाही. आया संख्येने भरपूर होत्या, पण लग्नं उशिरा झाली किंवा झालीच नाहीत, आणि एकेकीमागे मुलं फार कमी. जपानचं वृद्धत्व नेमकं कुठे पक्कं झालं हे दाखवणारी जागा म्हणजे न आलेला हा फुगवटा.

आणि ५४ वयापाशी एक खोल खाच दिसते. जन्मसाल १९६६. ते जपानी पंचांगातलं "अग्नी-अश्व" वर्ष होतं. साठ वर्षांनी एकदा येतं, आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते अशी समजूत. आपल्याकडची मंगळाची मुलगीच की ही! फरक एवढाच की तिथे लोकांनी ते वर्षच टाळलं. १९६५ ला १८ लाखांवर जन्म झाले होते, १९६६ ला साडेतेरा लाखांच्या आसपास, आणि १९६७ ला पुन्हा १९ लाखांवर. पाच वर्षांच्या पट्ट्यांत ही खाच शेजारच्या भरलेल्या वर्षांत बुडून जाते. पुढचं अग्नी-अश्व वर्ष २०२६.

सहावी पायरी: वरच्या भागातले खड्डे आणि गठ्ठे

आता ओसरीवरच्या सासूबाई. २०११ च्या भारतात ५० ते ५४ वयाची ४.९१ कोटी माणसं, ५५ ते ५९ ची ३.९१ कोटी, ६० ते ६४ ची ३.७७ कोटी, ६५ ते ६९ ची २.६५ कोटी. चढण बघा: एक कोटीने उतरली, मग जेमतेम चौदा लाखांनी, मग पुन्हा एक कोटीच्या वर. साठीजवळ कोणी मरतच नाही की काय?

तसं नाही. जन्मतारीख ठाऊक नसलेलं माणूस गोल आकडा सांगतं, आणि त्यात साठीचं वजन पंचावन्नपेक्षा फार मोठं. साठी बुद्धी नाठी आहे, साठीशांत आहे, पंचावन्नीचं काय आहे? अठ्ठावन्नवालेही साठ, एकसष्टवालेही साठ. एकेका वर्षाच्या तक्त्यात ३०, ४०, ५०, ६० वर उंच खांब दिसतात आणि ३१, ४१, ५१, ६१ वर खड्डे. त्यामुळे पंचावन्नची पट्टी थोडी हलकी, साठची थोडी जड. कोणत्याही मनोऱ्यात अशी पायरी दिसली की आधी बघा, तिथे ० ने संपणारं वय आहे का. असेल तर युद्ध, दुष्काळ, साथ असली कारणं शोधण्याआधी गोल आकड्यावर संशय घ्या. जपानची खाच मात्र खरी, कारण तिथली जन्मनोंद पक्की आहे आणि ५४ हा काही गोल आकडा नव्हे.

सातवी पायरी: डावी आणि उजवी बाजू

तळाशी डावी पट्टी उजवीपेक्षा थोडी लांब असणं नैसर्गिक आहे. जगभर साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. १००० मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली, असं झालं ते. २०११ च्या भारतात ० ते ६ वयात हा आकडा ९१९ होता, महाराष्ट्रात ८९४. हे नैसर्गिक नव्हे, हे सोनोग्राफीच्या खोलीत घडलेलं आहे. शेंड्याकडे उजवी बाजू लांब होते, कारण बायका जास्त जगतात.

मधल्या वयांत एकच बाजू फुगलेली किंवा खचलेली दिसली तर ते स्थलांतर. कतारचा मनोरा बघा: पंचवीस ते पंचेचाळीसच्या पुरुषांकडे असा फुगलेला की त्याला मनोरा म्हणवत नाही. ते तिथे जन्मलेलेच नाहीत, कामाला आलेले आहेत. त्यांच्यावरून कतार तरुण आहे असं म्हणणं म्हणजे हॉस्टेल बघून गावाचं वय सांगणं.

याची दुसरी बाजू आमच्याकडे. मी एकदा मुलांना आपापल्या गल्लीचा मनोरा चौकटीच्या वहीवर काढायला सांगितलं, एक चौकट म्हणजे एक माणूस. नियम जनगणनेचाच: जो जिथे राहतो तिथे मोजायचा. जवळजवळ सगळ्या मनोऱ्यांत विशी-तिशीतली डावी बाजू खचली होती. कोणाचा काका गोव्यात, कोणाचा भाऊ सैन्यात, कोणाचा पुण्यात, कोणी बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीत. तळही आखूड निघाला. पण तो जन्म घटल्यामुळे, की तरुण जोडपी मुलांना घेऊन बाहेर पडल्यामुळे, हे गल्लीच्या मनोऱ्यावरून सांगता येत नाही. आमच्या शाळेचा पहिलीचा पट घटतो त्याचंही तसंच आहे: जन्म कमी, गाव सोडणं आणि माध्यम बदलणं या तिन्ही गोष्टी त्या एका आकड्यात मिसळलेल्या असतात. देश मोठा असला की बाहेर जाणं-येणं तुलनेने किरकोळ ठरतं, म्हणून तळावरून जन्माचा निष्कर्ष काढता येतो. तालुक्याला, गावाला, गल्लीला तोच नियम लावू नका.

स्वतः काढायचा असेल तर

संयुक्त राष्ट्रांच्या `population.un.org/wpp` या संकेतस्थळावर प्रत्येक देशाचे वयोगटवार आकडे फुकट मिळतात. एक्सेलमध्ये A रकान्यात वयोगट, B मध्ये पुरुष, C मध्ये स्त्रिया घाला. पुरुषांच्या पट्ट्या डावीकडे जाव्यात म्हणून D रकान्यात त्यांना उणे करून घ्या:

```
=-B2
```

मग A, C आणि D निवडून आडव्या पट्ट्यांचा आलेख काढा, पट्ट्यांमधलं अंतर शून्य करा आणि एकमेकींवरचं आच्छादन १०० टक्के. उणे चिन्ह दिसू नये म्हणून अक्षाच्या आकड्यांना `0;0` हा नमुना द्या. "५-९" असा वयोगट टाकला की एक्सेल कधीकधी त्याची तारीख करून टाकतं. त्या रकान्याला आधी मजकूर म्हणून ठरवून ठेवलं की ती कटकट वाचते.

आणि एक गोष्ट आताच टिपून ठेवा. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. २००१ आणि २०११ मध्ये बरोबर दहा वर्षं होती, म्हणून ० ते ४ ची मुलं नेमकी १० ते १४ च्या पट्टीत जाऊन बसली आणि आपल्याला तिरकं वाचता आलं. आता अंतर सोळा वर्षांचं आहे. २०११ ची ० ते ४ ची मुलं २०२७ ला १६ ते २० वयाची असतील, म्हणजे ती १५-१९ आणि २०-२४ अशा दोन पट्ट्यांत विभागली जातील. पाच वर्षांचे तक्ते घेऊन बसलात तर जुळणार नाही. एकेका वर्षाचा तक्ता घ्यायचा आणि १६, १७, १८, १९, २० यांची बेरीज करून ती ११.२८ कोटींशेजारी ठेवायची. वीस हा गोल आकडा आहे, तिथे शेजारच्या वयांतली काही माणसं घुसलेली असणार, तेवढं ध्यानात ठेवायचं.

त्या ओसरीवरचं पोरगं तेव्हा वीस पूर्ण असेल. मोजलं जाईल ते बहुधा गोव्यात नाहीतर पुण्यात, आणि यावेळी वय ते स्वतःच सांगेल.